“हं”, “थांबा” की गॅस बंद?

संध्याकाळी सातची वेळ. कळण्याची भाकरी तव्यावर, हात पिठाचे. हे शेतातून येतात, टोपी खुंटीला लावतात आणि म्हणतात, “आज केळीची गाडी अर्धीच भरली.”

यावल-रावेरकडे हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या घरात ऐकू येतं. वरवर बातमी, पण आत ‘जरा माझ्याकडे बघ’ अशी हाक. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा हाकांवरच अभ्यास केला. नवविवाहित जोडपी पाहिली, सहा वर्षांनी पुन्हा गाठली. ज्यांचे संसार टिकले, त्यांनी सुरुवातीला शंभरातल्या सुमारे 86 हाकांना ओ दिली होती. ज्यांचे मोडले, त्यांनी 33 ला. ओ दिली म्हणूनच संसार टिकला, असं यातून सिद्ध होत नाही. मूळचंच बरं जमणारे ओही जास्त देत असतील. पण 86 वाल्यांच्याही चौदा हाका हुकल्याच ना, म्हणून प्रत्येक वेळी धावायची गरज नाही.

मग दमलेलं असताना काय निवडायचं?

“मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी व्यापाऱ्याशी बोला.” असं तोडून बोलणं महागात पडतं, त्यावर जास्त बोलायला नको.

“हं” सोपं आहे, म्हणून आम्ही बायका आणि मोबाईल हातात असलेले नवरे तेच देतो. खरं तर “हं” वाईट नाही. मान वळवून, डोळे भिडवून म्हटलं तर तेवढंही पुरतं. तव्याकडे बघत म्हटलेलं मात्र गप्प बसण्यात जमा. तोडून बोलण्यावरून निदान भांडण तरी होतं. गप्प बसण्यानं माणूस पुढच्या वेळी सांगतच नाही. ओळखायची खूण एकच: भाव, पाऊस, पंप यांच्या गोष्टी तुम्हाला शेजारणीकडून कळायला लागतात.

गॅस बंद करून समोर बसणं उत्तम. पण रोज जमत नाही, आणि जबरदस्तीनं केलं तर चेहऱ्यावर दिसतं.

माझं मत “थांबा”कडे आहे. “अर्धीच? एवढी भाकरी उतरवते, मग सांगा.” त्यांचा शब्द परत उच्चारला, की ऐकलं गेलं हे त्यांना कळतं. अट एवढीच, की नंतर विषय आपण काढायचा. तिथेच मी चुकत होते. जेवण व्हायचं, दहाला शेतातली लाईट यायची, हे मोटार चालू करायला निघून जायचे आणि गाडीचं राहून जायचं. चार दिवस असं झालं आणि “थांबा” म्हणजे “नको” असा अर्थ त्यांनी घेतला.

परवा ताट उचलतानाच विचारलं, “मग गाडीचं काय झालं?” लाईट आली होती. बॅटरी हातात घेऊन उठलेले हे पुन्हा पाटावर बसले.