आरसी रिसेट की सुपरवायझर आयसी?

पुरवठा ते रिसेट पिन 10 किलोओहमचा रेझिस्टर, पिन ते ग्राउंड 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन लो असेपर्यंत मायक्रोकंट्रोलर थांबून राहतो. दोन्ही भाग मिळून रुपया-दोन रुपयांचे, आणि बेंच सप्लायवर ही जोडी चोख चालते: 5 व्होल्ट मिलिसेकंदात चढतात, पिनला 3 व्होल्ट गाठायला साधारण 9 मिलिसेकंद लागतात. तोवर पुरवठा केव्हाच स्थिर झालेला असतो.

आता तेच बोर्ड छोट्या सोलर पॅनेलवर लावा. मोठा कपॅसिटर भरत भरत पुरवठा 1 सेकंदात 5 व्होल्टपर्यंत चढतो. कपॅसिटरवरचा व्होल्टेज तेव्हा पुरवठ्याच्या मागे राहतो तो फक्त चढणीचा वेग गुणिले आरसी इतका: 5 × 0.01, म्हणजे 0.05 व्होल्ट. पिन जवळजवळ पुरवठ्यासोबतच वर जाते, म्हणजे रिसेट झालाच नाही! चिप 2 व्होल्टवरच अर्धवट जागी होऊन भलतंच काही चालवू लागते. स्कोपचे दोन प्रोब पुरवठ्यावर आणि पिनवर ठेवा, दोन्ही रेषा एकमेकींवर चढलेल्या दिसतील.

पिनवरचा कपॅसिटर वाढवून थोडं निभावतं, पण वेग बदलला की पुन्हा तेच. शिवाय वीज क्षणभर गेली तर हा वाढवलेला कपॅसिटर रिकामाच होत नाही.

सुपरवायझर आयसी MAX809L वेळ नाही, व्होल्टेज बघतो. पुरवठा 4.63 व्होल्टच्या वर गेल्यावरही किमान 140 मिलिसेकंद पिन लो धरतो, चढण कितीही संथ असो. बेंचबाहेर जाणाऱ्या बोर्डवर मी हाच लावतो.