चिकटवलेली नखं काढायची आहेत: कोमट पाणी बरं की ॲसिटोन?

नखं लावून किती दिवस झाले आणि कडा सुटू लागल्या आहेत का, यावर निवड करा. पद्धत कोणतीही घ्या, गोंद तोच असतो, सायनोअ‍ॅक्रिलेट. तो पाण्यात विरघळत नाही. पाण्याने खालचं नख फुगतं, गोंदाची पकड सैल होते आणि पाण्यात घातलेलं तेल फटीतून आत शिरतं. म्हणजे फट असेल तरच पाणी कामाचं. ॲसिटोन मात्र गोंदच मऊ करतं, पण सोबत नखातलं आणि कातडीतलं तेलही ओढून घेतं.

माझं उदाहरण सांगते. आठव्या दिवशी दहापैकी सहा नखांच्या कडा उचललेल्या होत्या, चार घट्ट होती. सहांसाठी कोमट पाण्यात थोडा साबण आणि चमचाभर तेल घालून वीस मिनिटं बोटं बुडवली. मग लाकडी काडी बाजूने सरकवून नख हळूहळू डावीउजवीकडे हलवलं. पुढून वर उचलायचं नाही, कारण तेव्हा सगळा ताण नखाच्या मधोमध येतो. दोन नखं हटेनात, ती पुन्हा दहा मिनिटं बुडवली. इथे घाई फार महागात पडते: भिजलेलं नख मऊ असतं, त्याचे पापुद्रे कोरड्या नखापेक्षा सहज निघतात.

राहिलेल्या चारांना ॲसिटोन. आधी कृत्रिम नख शक्य तितकं आखूड कापलं, वरची चकाकी फाइलने घासली, नाहीतर द्रव आत जात नाही. कातडीला पेट्रोलियम जेली लावली, कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवला आणि वरून फॉइल गुंडाळली. पंधरा मिनिटांनी प्लास्टिक चिकट लगद्यासारखं झालं, ते काडीने पुसून काढलं. जिथे अडलं तिथे खरवडलं नाही, नवा बोळा ठेवला. खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको, कारण ॲसिटोन चटकन पेट घेतं. ते गरमही करू नये. ‘ॲसिटोनविरहित’ रिमूव्हर पॉलिश काढायला ठीक आहे, या गोंदापुढे फार हळू चालतो.

काडी लावताना मुळाशी ओढ किंवा दुखणं जाणवलं की थांबायचं. नख काढल्यावर पांढरे खडबडीत डाग दिसले तर वरचे पापुद्रे गेले आहेत. ते भरून येत नाहीत, वाढून कापावे लागतात. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला सहाएक महिने.

कातडी आधीच फाटलेली किंवा इसबाची असेल तर मी ॲसिटोनला हातच लावणार नाही. कडा सुटेपर्यंत चार दिवस थांबेन आणि मग पाण्यात भिजवेन. मात्र नख हिरवट दिसत असेल, ठणकत असेल किंवा पू असेल, तर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यावर पुन्हा नख चिकटवू नका.