कुंडीतला स्टीव्हिया: ओली पानं वापरावीत की वाळवलेली?

साखरेऐवजी गोडीसाठी ज्याची पानं वापरतात त्या स्टीव्हियाचं रोप आणायच्या आधी एक हिशोब करून बघा, कारण ओलं की सुकं याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. वाळलेलं पान साखरेच्या साधारण दहा ते पंधरा पट गोड असतं. म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याएवढी साखर, सुमारे ४ ग्रॅम, वाचवायला अंदाजे ०.३ ग्रॅम सुकं पान लागतं. ओल्या पानात चार-पंचमांशाच्या आसपास पाणीच असतं, म्हणून तेवढ्याच गोडीसाठी सव्वा ते दीड ग्रॅम ओली पानं हवीत. चांगलं जोपासलेलं एक झाड वर्षभरात १५ ते ३० ग्रॅम सुकी पानं देतं. थोडक्यात, एका कुंडीतून वर्षाला पन्नास ते शंभर चमचे साखरेची सोय होते. रोज एक कप चहा, एक चमचा साखर एवढीच सवय असेल तरी वर्षाला शंभराहून जास्त ग्रॅम सुकी पानं लागतील, म्हणजे चार ते सात कुंड्या आल्या. डब्यावर लिहिलेली ‘साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड’ ही भाषा पानातून वेगळ्या काढलेल्या शुद्ध द्रव्याची असते, पानाची नव्हे.

ज्याच्याकडे एकच कुंडी आहे त्याने ओलीच पानं वापरावीत, असं माझं सरळ मत आहे. एवढ्याशा पिकासाठी वाळवणाचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. शिवाय अधूनमधून शेंडे खुडणं झाडालाही मानवतं. रोप वीतभर उंच झालं की शेंडा खुडायचा, खालून दोन फांद्या फुटतात, त्यांचेही शेंडे पुढे खुडायचे. नाहीतर स्टीव्हिया सरळसोट काडीसारखा वाढतो आणि एक दिवस आपल्याच वजनाने आडवा होतो. खुडलेली पानं तशीच कपात जातात.

पण ओलं पान अख्खं टाकून गोडी उतरत नाही, आणि इथेच बरेच जण ‘आमचं झाड गोडच नाही’ म्हणून मोकळे होतात. गोडी पेशींच्या आत असते. पानं हाताने चुरगळा किंवा बारीक चिरा, उकळतं पाणी ओता, पाचेक मिनिटांनी गाळून घ्या. जास्त वेळ ठेवलीत तर गोडीबरोबर कडवटपणा आणि गवताचा वासही उतरतो. किती पानं घ्यायची हे झाडागणिक बदलतं. एकदाच वजनकाट्यावर ५ ग्रॅम पानं तोला आणि किती भरली ते मोजा. त्या आकड्याच्या साधारण पाव हिश्श्यातून एका चमच्याची गोडी मिळायला हवी. पहिल्या कपात त्याच्या निम्मीच टाका. गोड कमी पडलं तर वाढवता येतं, पण जास्त झालं की ज्येष्ठमधासारखी चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते.

सुक्या पानांचा खरा फायदा गोडी वाढण्यात नाही. वाळवल्याने नवीन गोडी तयार होत नाही, फक्त पाणी जातं. फायदा आहे तो वेळेचा. स्टीव्हिया दिवस लहान झाले की फुलतो, दिवसाचा उजेड बारा-तेरा तासांच्या खाली आला की कळ्या धरतो. एकदा फुलं आली की पानांतली गोडी घटते आणि नवी पानं यायची थांबतात. तेव्हा जास्तीत जास्त गोड माल हातात येतो तो कळ्या दिसायला लागताच, पण उमलण्याआधी. त्या आठवड्यात जमिनीपासून चार बोटं ठेवून सगळ्या फांद्या कापल्या, तर एकदम एवढी पानं येतात की ओली वापरून संपत नाहीत. मग वाळवावंच लागतं. मुळं शाबूत असतील तर कापलेल्या जागेतून झाड पुन्हा फुटतं. कुंडीवर रात्रभर दिव्याचा उजेड पडत असेल तर कळ्या उशिरा येतात, हे पानं हवी असणाऱ्याच्या पथ्यावरच पडतं.

वाळवताना घाई करायची ती पाणी घालवण्याची. पानं दांड्यावरून ओरबाडून घ्या, कारण दांड्यात गोडी फारच कमी असते. ती एकाच थरात पसरा. हवा कोरडी आणि खेळती असेल तर दिवसा-दोन दिवसांत काम होतं. ओव्हन वापरणार असाल तर ४० ते ५० अंशांच्या पुढे जाऊ नका. पान मुठीत दाबल्यावर कुरकुरत चुरा व्हायला हवा. नुसतं वाकलं तर आत ओल आहे, आणि असं पान बरणीत भरलं की बुरशी धरतं. रंग हिरवाच राहिला तर वाळवण साधलं. काळपट डाग म्हणजे पानं जाडसर थरात किंवा दमट हवेत फार वेळ पडून राहिली. हवा दमट असेल तेव्हा ओली वापरा, वाळवायच्या फंदात पडू नका. पूड आयत्या वेळी करा. पानं अख्खी टिकतात, पूड ओल धरून गठ्ठे होते.

सुक्या पुडीचीही एक अडचण आहे: ती विरघळत नाही. कपाच्या तळाशी हिरवा गाळ बसतो आणि दाताला चरचरते. त्यामुळे सुकी पानंही उकळत्या पाण्यात भिजवून गाळलेलीच बरी. केक-बिस्किटांत मात्र दोन्ही प्रकार सारखेच तोकडे पडतात. भट्टीच्या उष्णतेने गोडी जात नाही, पण साखर जे आकारमान, ओलावा आणि खरपूस तांबूस रंग देते ते पानं देत नाहीत. यीस्टलाही ती खाता येत नाहीत.

रोप निवडताना बियांच्या नादी लागू नका. बी उगवतं कमी, आणि उगवलेल्या रोपांची गोडी एकसारखी नसते. आधी पान चावून बघा आणि ज्या झाडाचं पान गोड व कमी कडू लागेल त्याचीच छाट लावा. कुंडी दहा-बारा इंचांची, माती भुसभुशीत, भोक मोकळं. मुळं उथळ असल्याने पाण्याची ओढ लवकर बसते, पण कुंडीत पाणी साचलं तर झाड जातंच. माती ओली असूनही पानं मान टाकत असतील आणि खोडाचा तळ काळा पडला असेल तर मुळं कुजली समजा. तेव्हा आणखी पाणी घालू नका, वरची निरोगी छाट काढून नवीन रोप करा.

किती वापरावं, हा प्रश्न सुक्या पानांनाच जास्त लागू आहे, कारण पूड नकळत जास्त पडते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा स्टेव्हिऑलच्या, म्हणजे गोड द्रव्याच्या रेणूतला साखरेचा भाग वगळून जे उरतं त्याच्या हिशेबाने शरीराच्या दर किलोमागे रोज ४ मिलिग्रॅम आहे. पानात दहा टक्के गोड द्रव्य धरलं, तर ६० किलोच्या माणसाला ती सुमारे ६ ग्रॅम सुक्या पानांएवढी भरते. हा आपला ढोबळ अंदाज. मूळ मर्यादा शुद्ध केलेल्या अर्कासाठी आहे, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अख्ख्या पानाला गोडी आणणारा पदार्थ म्हणून मान्यता दिलेली नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर रोजची सवय लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तेव्हा कुंड्या एक-दोन, आणि गोडी अधूनमधूनच लागणार असेल तर ओली पानं. कुंड्या चार ते सात, रोजचा चहा, आणि कळ्यांच्या वेळी दोन दिवस वाळवणाला देता येत असतील तर सुकी. आणि केकसाठी झाड लावायचं असेल तर ती जागा दुसऱ्या एखाद्या रोपाला द्या.