मित्राचे वडील गेले तेव्हा : अष्टाक्षरी लिहावी की मुक्तछंद?

मित्रासाठी आठ-दहा ओळी लिहायच्या आहेत आणि 'छत्र हरपले', 'काळाने घाला घातला', 'कधीही न भरून येणारी पोकळी' हे काही लिहायचे नाही, एवढे ठरले की पुढचा प्रश्न घाटाचा. साध्या कवितेसाठी दोन वाटा सोप्या आहेत : अष्टाक्षरी आणि मुक्तछंद. पण वापरून गुळगुळीत झालेले शब्द दोन्हींत वेगवेगळ्या दारांनी शिरतात, म्हणून निवड आधी करावी.

त्याआधी वडिलांबद्दलची एक खरी, डोळ्यांसमोर येणारी गोष्ट हाताशी हवी. समजा, ते खिळ्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत : 'आखूड', 'लांब' आणि एकावर 'इतर'. अलीकडेच मित्राने कडी बसवायला तोच डबा उघडला, हे त्याने स्वतः तुम्हाला सांगितले आहे. एवढे पुरते. 'प्रेमळ', 'कष्टाळू' अशी विशेषणे कुणाच्याही वडिलांना लागतात. 'इतर' ही चिठ्ठी एकाच माणसाची असते. अशी गोष्ट माहीत नसेल तर रचून घालू नका. मित्राला ती खोटी असल्याचे पहिल्या वाचनातच कळेल.

अष्टाक्षरीत प्रत्येक चरणात आठ अक्षरे. जोडाक्षर एकच धरायचे ('डब्यां' म्हणजे दोन), शेवटचे अक्षर बोलताना अर्धे ऐकू आले तरी पूर्ण मोजायचे ('घर' म्हणजे दोन), आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहायचे नाही. यमक दुसऱ्या आणि चौथ्या चरणाला दिले तरी चालते.

खिळ्यांच्या त्या डब्यांवर
काकांचेच ते अक्षर;
'आखूड' नि 'लांब' नीट,
एका डब्याला 'इतर'.

धोका येतो तो दुसऱ्या कडव्यात. 'इतर'ला जोड शोधताना 'अमर', 'निरंतर', 'अंतर' हे शब्द न बोलावता येतात आणि हात लिहून जातो : 'स्मृती त्यांच्या या अमर'. मोजा, बरोबर आठ अक्षरे. यमकही चोख. म्हणूनच ही ओळ खुडायला जड जाते, पण खुडायलाच हवी, कारण तिच्यात काकाही नाहीत आणि डबाही नाही. उपाय असा : यमकाचा शब्द आधी शोधू नका, पुढे काय घडले ते साध्या वाक्यात लिहा आणि त्यातलाच एखादा शब्द ओळीच्या शेवटी सरकवा. 'खिळा सगळ्यांच्या वर होता' हे वाक्य उलटवले की यमक आपोआप जुळते :

काल कडी निखळली,
उघडलास 'इतर';
हवा तोच खिळा त्यात
होता सगळ्यांच्या वर.

मुक्तछंदात मोजणी नाही, यमकाची ओढ नाही. पण त्या मोकळेपणात लिहिणारा शेवटी उपदेश करतो : 'ते गेले नाहीत, ते तुझ्यात आहेत'. तो मोह शेवटच्या दोन ओळींत येतो, म्हणून कविता लिहून झाली की त्या दोन ओळी झाकून वाचा. त्यांच्यावाचून अडत नसेल तर काढून टाका. दुसरी अडचण मराठीचीच आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे वाक्य संपेल तिथे ओळ तोडत गेले की 'होते, होते, होते' असा ठेका लागतो. मधूनच नामावर ओळ तोडावी :

काल कडी निखळली म्हणून
काकांचा 'इतर'
उघडलास.
हवा होता तो खिळा वरच होता.
कडी बसवलीस
आणि डबा
होता तिथेच ठेवलास.

'आणि डबा' इथे क्षणभर थांबावे लागते. डबा हातात धरून मित्रही तेवढाच थांबला असेल. ओळी कुठे तोडल्या ते तपासायला सगळी कविता सलग गद्यासारखी लिहून पाहा. काहीच हरवले नाही, तर तोडणी उगाच झाली.

चारचौघांत मोठ्याने वाचायची असेल, किंवा वडील भरपूर जगून, शांतपणे गेले असतील, तर अष्टाक्षरी बरी. ती ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. मृत्यू अचानक आला असेल, किंवा बाप-लेकांत अबोला होता हे तुम्हाला माहीत असेल, तर तिचा झोका कानाला खुपतो. तिथे मुक्तछंदच घ्या. फोनवर पाठवायचे असले तरी तोच, फक्त ओळी आखूड ठेवा. लांब ओळ अरुंद पडद्यावर भलतीकडे तुटते आणि तुम्ही मुद्दाम ठेवलेला थांबा नाहीसा होतो. पहिल्यांदाच लिहीत असाल तर आमचा कौल मुक्तछंदाला, कारण उपदेशाची ओळ चटकन सापडते, पण चोख यमकाआड लपलेली पोकळ ओळ नव्या डोळ्याला दिसत नाही.

आणि दोन्हींत 'उघडलास', 'ठेवलास' असे मित्राशीच बोला. 'काका, तुम्ही' अशी हाक त्याने मारायची. ती कविता त्याची आहे.