कूलर चालू, पॅड कोरडे: पाइप साफ करायचा, हवा काढायची की पंप बदलायचा?

पंखा जोरात फिरतोय, टाकीत पाणी आहे, तरी हवा गरमच लागते. हात लावून पाहावं तर पॅड ठणठणीत कोरडे. अशा वेळी बहुतेक जण थेट नवा पंप आणतात. पण हेच लक्षण तीन वेगवेगळ्या कारणांनी दिसतं आणि त्यातल्या दोन कारणांना सुटा भाग लागतच नाही. म्हणून खर्च करण्याआधी दोष पंपाच्या अलीकडे आहे, पंपातच आहे की पलीकडे, हे ठरवून घ्यावं.

त्यासाठी एकच चाचणी पुरते. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून ओल्या टाकीत हात घालू नका. पंपाची नळी वरच्या वितरक पाइपापासून सोडवा आणि तिचं तोंड त्याच उंचीवर सांगाड्याला बांधून बादलीत वळवा. मग हात बाहेर काढून, पंखा बंद ठेवून फक्त पंप सुरू करा.

धार जाड आणि सलग आली तर पंप निर्दोष आहे. पाणी वरपर्यंत पोचतंय, ते अडतंय पुढे, वितरक पाइपाच्या भोकांत. कठीण पाण्यातले क्षार तिथे पांढरे थर धरतात आणि गवताच्या पॅडचे तंतूही येऊन अडकतात. अशा कूलरमध्ये बहुधा एखादा पॅड पट्ट्यापट्ट्यांनी भिजतो, बाकीचे कोरडे राहतात. कधी वाट न मिळाल्यामुळे नळीच्या सांध्यातून पाणी गळतं. पाइप बाहेर काढा, शेवटची टोपी उघडा, भोकं बारीक तारेने मोकळी करा आणि उलट बाजूने पाणी सोडा. घट्ट क्षार असतील तर पाइप व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवा. परत बसवताना भोकांची दिशा पाहा. ती पॅडच्या पन्हळीकडेच असली पाहिजेत, नाहीतर भोकं साफ असूनही पाणी पन्हळीबाहेर पडतं.

नळीतून थेंबही आला नाही आणि पंपाचा गुणगुण आवाज मात्र येतोय, तर पहिला संशय अडकलेल्या हवेवर घ्या. टाकी कोरडी पडली असताना पंप चालू राहिला आणि मग पाणी भरलं, तर असं हमखास होतं. या पंपाची पाती पाणी फेकू शकतात, पण हवेत फिरताना पाणी ओढून घेण्याइतका दाब तयार होत नाही. प्लग काढून पंप पाण्याखालीच तिरका करा, त्याचं बाहेर टाकणारं तोंड वर ठेवा आणि हलवा. बुडबुडे निघाले की पुन्हा सुरू करा. नळीला मध्येच कमान आली असेल तर ती सरळ करा, कारण हवा तिथेही दबा धरून बसते. हवा पुन्हा पुन्हा अडकत असेल तर पंपापेक्षा पाण्याची पातळी पाहा: फ्लोट वेळेआधीच पाणी बंद करत असेल तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो.

बुडबुडे निघाले नाहीत, तर पुढचं आवरण उघडून पाती बोटाने फिरवून पाहा. अडकली असतील तर तिथला गाळ काढा.

तिसरी शक्यता ओळखायला सर्वांत अवघड, कारण पाणी येतं, पण कमी येतं. पंपाच्या पट्टीवर समजा १,१०० लिटर प्रति तास आणि कमाल उंची १.८ मीटर लिहिलंय. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे नसतात. १,१०० लिटर मिळतं उंची शून्य असताना, म्हणजे एक लिटर साधारण सव्वातीन सेकंदांत, १.८ मीटरवर प्रवाह शून्य होतो. नळीचं तोंड एक मीटर वर असेल तर ढोबळमानाने निम्मं पाणी धरावं, म्हणजे लिटरला सहा-सात सेकंद. आता समजा वर धरल्यावर लिटर भरायला अर्धं मिनिट लागलं, आणि नळी टाकीच्या काठावर आणली तर धार बरी येते. तेव्हा पंपाला पाणी चढवण्याची ताकद उरलेली नाही.

तरीही आधी त्याची जाळी धुवा आणि पात्यांवरचे क्षार काढा. त्यानंतर धार सुधारली नाही किंवा पाती तुटलेली, त्यांची दांडी झिजून हलणारी दिसली, तरच नवा पंप घ्या. वायरचं आवरण फाटलेलं असेल किंवा कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मात्र चाचणी न करता प्लग काढून पंप बदला आणि अर्थिंग तपासून घ्या. नवा निवडताना लिटरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. कमाल उंची तुमच्या वितरक पाइपाच्या उंचीच्या जवळपास दुप्पट असावी आणि नळी त्याच जाडीची बसावी.