सहमती, बहुमत की सल्लामसलत: एकाच विषयावर तीन पद्धती लावून पाहताना

एका ग्रंथालयाच्या नऊ जणांच्या कार्यकारिणीसमोर एक विषय आला आहे, असे धरून चालू. संस्थेला एकरकमी देणगी मिळाली आहे आणि तिच्यातून नवी पुस्तके घेणे, वाचकांसाठी संगणक बसवणे किंवा वाचनकक्षाची दुरुस्ती करणे यांपैकी एकच काम पूर्ण होऊ शकते. हा निर्णय मतदानाने, सर्वसहमतीने किंवा सर्वांचे ऐकून घेऊन एकाच व्यक्तीने, अशा तीन प्रकारे घेता येईल. पद्धत बदलली की निकालही बदलू शकतो, म्हणून पद्धतीची निवड विषयाच्या चर्चेआधी व्हायला हवी. चर्चा सुरू झाल्यानंतर पद्धत ठरवायला बसले की प्रत्येकाला आपल्या पर्यायाला सोयीची पद्धतच न्याय्य वाटू लागते.

बहुमत: प्रश्न कसा मांडला जातो, यावर बरेच काही

समजा, चार सभासदांचा पसंतीक्रम पुस्तके, संगणक, दुरुस्ती असा आहे. तिघांचा क्रम संगणक, दुरुस्ती, पुस्तके असा आहे. उरलेल्या दोघांना आधी दुरुस्ती, मग पुस्तके आणि शेवटी संगणक हवे आहेत. प्रत्येकाने एकच मत द्यायचे म्हटले, तर पुस्तकांना चार मते पडतात आणि पुस्तके जिंकतात. पण नऊपैकी पाच जणांना पुस्तकांपेक्षा दुरुस्ती अधिक महत्त्वाची वाटते, ही गोष्ट त्या मतमोजणीत कुठेच दिसत नाही.

मग अध्यक्ष म्हणतात की, दोन-दोन पर्याय समोरासमोर ठेवू. पुस्तके विरुद्ध संगणक अशी पहिली फेरी घेतली, तर पुस्तके सहा विरुद्ध तीन मतांनी पुढे जातात आणि दुसऱ्या फेरीत दुरुस्तीकडून चार विरुद्ध पाच मतांनी हरतात. निकाल दुरुस्तीच्या बाजूने लागतो. पहिल्या फेरीत संगणक आणि दुरुस्ती घेतली, तर संगणक सात विरुद्ध दोन मतांनी जिंकतात, पण पुढे पुस्तकांकडून हरतात आणि निकाल पुस्तकांचा लागतो. सुरुवात दुरुस्ती आणि पुस्तके यांपासून केली, तर शेवटी संगणक येतात. एकाही सभासदाने आपले मत बदललेले नसताना केवळ फेऱ्यांचा क्रम बदलल्याने तीन वेगवेगळे निकाल लागले. ही अडचण फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से यांनी 1785 साली दाखवून दिली होती. कोणाची लबाडी नसतानाही ती उद्भवते, म्हणून ती अधिक गांभीर्याने घ्यायला हवी. विषयपत्रिका ठरवणाऱ्याच्या हाती अशा वेळी कोणी जाणूनबुजून न दिलेली सत्ता येते.

याचा अर्थ मतदान टाळावे, असा होत नाही. पर्याय दोनच असतील, तर हे चक्र तयार होऊच शकत नाही. पर्याय एकाच मापाचे कमी-अधिक टप्पे असतील, उदाहरणार्थ वर्गणी किती ठेवायची किंवा कक्ष किती तास उघडा ठेवायचा, तर प्रत्येक सभासदाचा एक आवडता आकडा असतो आणि त्यापासून दूर जावे तशी पसंती कमी होत जाते. अशा प्रश्नांत मधल्या सभासदाचा आकडा इतर प्रत्येक आकड्यापुढे टिकतो, हे डंकन ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञाने 1948 मध्ये मांडले. म्हणूनच ‘किती’ या प्रश्नासाठी बहुमत ही सरळ आणि विश्वासार्ह पद्धत आहे. ‘कोणते’ हा प्रश्न असेल आणि पर्याय तीन किंवा अधिक असतील, तेव्हा मात्र सावध राहावे. निदान सर्वांचे पसंतीक्रम लेखी घेऊन कागदावर वरीलप्रमाणे जोड्या लावून पाहाव्यात. एक पर्याय इतर सर्वांना हरवत असेल, तर निश्चिंतपणे पुढे जावे. चक्र दिसले, तर मतदानाने उत्तर मिळणार नाही हे मान्य करून दुसरी पद्धत घ्यावी.

बहुमताची आणखी एक मर्यादा म्हणजे त्यात मतांची संख्या मोजली जाते, तीव्रता मोजली जात नाही. पाच जणांची सौम्य पसंती चार जणांच्या ठाम विरोधावर मात करते. हरलेल्यांना काम करायचे नसेल, तर हे निभावते. प्रत्यक्ष काम त्यांच्याच अंगावर येणार असेल, तर ठराव मंजूर होतो, काम मात्र रेंगाळते, आणि दोन-तीन बैठकांनंतर तोच विषय वेगळ्या शब्दांत पुन्हा विषयपत्रिकेवर येतो.

सहमती: पर्यायच बदलण्याची मुभा

सहमतीचा खरा लाभ वरील उदाहरणात लगेच दिसतो. पसंतीक्रमातून आवडनिवड कळते, तिच्यामागचे कारण कळत नाही. सहमतीच्या चर्चेत ‘तुमची हरकत नेमकी कशाला आहे?’ असे विचारावेच लागते. दुरुस्ती मागणाऱ्या दोघांकडून कळते की छताचा एक कोपरा गळतो आणि त्याखाली जे काही ठेवले जाईल ते पहिल्याच पावसात भिजेल. पुस्तकांच्या बाजूच्या चौघांचा दुरुस्तीला विरोध एवढ्यासाठीच आहे की परीक्षांच्या दिवसांत कक्ष पूर्ण बंद ठेवावा लागेल. आता एक चौथा प्रस्ताव तयार होतो: गळणारा कोपरा आधी दुरुस्त करावा, त्या काळात उरलेला कक्ष चालू ठेवावा, राहिलेल्या रकमेची पुस्तके घ्यावीत आणि संगणकांसाठी पुढील वर्षी स्वतंत्र तरतूद करावी. मतपत्रिकेवर हा प्रस्ताव नव्हता, म्हणून मतदानाने तो कधीच निवडला गेला नसता.

मात्र सहमती म्हणजे एकमत, असे समजून चालणारे गट लवकर थकतात. प्रत्येकाला प्रस्ताव आवडलाच पाहिजे असा आग्रह धरला, तर एका सभासदाच्या नाराजीवर सगळे अडून राहते. सहमतीने काम करणारे अनुभवी गट म्हणून प्रतिसादाच्या पायऱ्या ठेवतात: पूर्ण संमती, शंका नोंदवून संमती, बाजूला राहणे आणि रोखून धरणे. बाजूला राहणारा सभासद प्रस्ताव पुढे जाऊ देतो, पण त्याचे वेगळे मत इतिवृत्तात नोंदले जाते. रोखून धरण्याचा अधिकार मात्र वैयक्तिक नापसंतीसाठी नसतो. प्रस्तावामुळे संस्थेच्या मूळ उद्देशाला किंवा एखाद्या घटकाला ठोस हानी होईल, हे रोखणाऱ्याने कारणासह मांडावे लागते.

ही अट नसेल तर काय होते, याचे मोठे उदाहरण पोलंडच्या संसदेत सापडते. तेथे एका सदस्याच्या विरोधाने अख्खे अधिवेशन निष्फळ ठरू शकत असे. हा अधिकार 1652 मध्ये प्रथम वापरला गेला, पुढे परकीय सत्तांनी एखाद्या सदस्याला हाताशी धरून कामकाज बंद पाडण्याचे प्रकार घडले, आणि 3 मे 1791 च्या राज्यघटनेने तो रद्द केला. त्या राज्याची अखेरची फाळणी लगेच 1795 मध्ये झाली. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’ या संस्थेने वेगळा मार्ग घेतला आहे. तेथे ‘ढोबळ सहमती’ पुरते. प्रत्येक हरकतीचा गटाने खरोखर विचार करून उत्तर दिलेले असावे लागते, पण प्रत्येक हरकत मान्य व्हावीच लागते असे नाही. मला हा भेद सहमतीच्या पद्धतीचा गाभा वाटतो.

सहमतीचे दोन दोष ओळखायला अवघड असतात. एक म्हणजे खोटी सहमती. प्रस्ताव मांडल्यावर काही क्षणांत शांतता पसरली, कोणी प्रश्न विचारला नाही आणि बैठकीनंतर बाहेर दोन-दोन जण हळू आवाजात बोलू लागले, तर ती सहमती नव्हती. अशा वेळी प्रत्येकाकडून क्रमाने ‘या प्रस्तावात काय बिघडू शकते?’ याचे एक उत्तर घ्यावे. दुसरा दोष असा की निर्णय न होणे म्हणजे आहे ती स्थिती चालू राहणे, आणि ज्यांना आहे तेच सोयीचे असते त्यांना सहमतीची पद्धत आपोआप झुकते माप देते. छत गळतच राहते.

सल्लामसलत: ऐकणारे कान आणि निर्णय देणारी एकच व्यक्ती

सल्लामसलतीत निर्णय एका व्यक्तीचा असतो आणि जबाबदारीही तिचीच असते. माहिती अनेकांकडे विखुरलेली आहे, वेळ थोडा आहे आणि निर्णयाच्या परिणामांना उत्तर देणारी व्यक्ती निश्चित आहे, अशा ठिकाणी ती चांगली बसते. तिचे यश बहुतांशी क्रमावर अवलंबून असते. निर्णय कोण घेणार, कोणत्या गोष्टी आधीच ठरल्या आहेत आणि कशाबद्दल मत हवे आहे, हे प्रथम सांगावे. त्यानंतर मते शक्यतो लेखी आणि स्वतंत्रपणे मागवावीत. चर्चेत निर्णय घेणाऱ्याने शेवटी बोलावे. निर्णय झाल्यावर तो कारणांसह कळवावा आणि ज्यांचा सल्ला मानला नाही, त्यांना तो का मानला नाही हे सांगावे. ही शेवटची पायरी बहुधा गाळली जाते, आणि पुढच्या वेळी लोक मनापासून सल्ला देत नाहीत.

वरिष्ठाची उपस्थितीच मतांना वळण लावते, हे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या दोन निर्णयांतून दिसते. एप्रिल 1961 मधील क्युबावरील फसलेल्या हल्ल्यापूर्वी त्यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांना योजनेबद्दल गंभीर शंका होत्या. त्यांनी त्या लेखी कळवल्या, पण प्रमुख बैठकांत ते जवळजवळ गप्प राहिले, याची खंत त्यांनी पुढे स्वतः नोंदवली. ऑक्टोबर 1962 च्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगात सल्लागारांनी मोकळेपणाने वाद घालावा म्हणून केनेडी काही बैठकांपासून मुद्दाम दूर राहिले. पहिल्या पर्यायांमध्ये हवाई हल्ल्याकडे असलेला कल पुढे सागरी नाकेबंदीकडे वळला.

सल्लामसलत खरी आहे की देखाव्यापुरती, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. कोणती माहिती मिळाली तर तुमचा निर्णय बदलेल, असे निर्णय घेणाऱ्याला विचारावे. त्याला एकही गोष्ट सांगता आली नाही, तर निर्णय आधीच झालेला आहे आणि तो सरळ जाहीर करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

निवड करताना

एकाच संस्थेने सर्व विषयांना एकच पद्धत लावण्याची गरज नाही. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेत बहुतेक कायद्यांना 55 टक्के सदस्यदेश आणि त्यांत संघाची किमान 65 टक्के लोकसंख्या असा पात्र बहुमताचा निकष लागतो, तर करआकारणीसारख्या विषयांना सर्वांची संमती लागते. लहान गटालाही असा फरक करता येतो. उलटवता न येणारा आणि सर्वांना मिळून राबवायचा निर्णय सहमतीने घ्यावा. दोनच पर्याय असलेला किंवा ‘किती’ असे विचारणारा, आणि हरलेल्यांना सहज पचणारा निर्णय मतदानावर सोडावा. रोजच्या कारभारातला किंवा तातडीचा निर्णय सल्ला घेऊन एकाने करावा.

सहमती न झाल्यास काय, हेही आधी लिहून ठेवावे लागते. येथे बरेच गट दोन बैठकांची मुदत देऊन नंतर साध्या बहुमतावर जातात. ते मला योग्य वाटत नाही, कारण आपल्याकडे पाच मते आहेत हे ठाऊक असलेल्या पाच जणांना दोन बैठका केवळ वाट पाहायची असते, ऐकून घ्यायचे नसते. पर्यायी मतदानाची अट नऊपैकी किमान सात मतांची ठेवली, तर त्या पाच जणांना आणखी दोघांच्या हरकतींची सोडवणूक करावीच लागते. ग्रंथालयाच्या उदाहरणात मी हीच रचना सुचवेन, आणि गळणाऱ्या छतावर तात्पुरते आच्छादन घालण्याचा निर्णय मात्र ग्रंथपालांनी संबंधितांना विचारून त्याच आठवड्यात घ्यावा.