खर्चाच्या प्रमाणासाठी कोणतं मॉडेल: लॉजिट करून साधं रिग्रेशन, फ्रॅक्शनल लॉजिट की बीटा?

मंजूर रकमेपैकी किती हिस्सा खर्च झाला, हा आकडा शून्य आणि एक यांच्या मध्ये असतो. तो तसाच साध्या रेषीय रिग्रेशनमध्ये घातला तर अंदाज एकच्या पलीकडे जाऊ शकतात, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. म्हणून निवड उरते ती तीन मार्गांत. पहिला, आकड्याचं लॉजिट, म्हणजे log(y/(1−y)), काढून त्यावर R मधलं `lm` चालवणं. दुसरा, पाप्के आणि वूलड्रिज यांनी 1996 मध्ये मांडलेलं फ्रॅक्शनल लॉजिट. तिसरा, फेरारी आणि क्रिबारी-नेटो यांच्या 2004 च्या लेखामुळे रूढ झालेलं बीटा रिग्रेशन. माझा कल तिसऱ्याकडे आहे, पण तो एका अटीवर, आणि ती अट बहुतेक ठिकाणी पाळलेली दिसत नाही.

आधी दोन गोष्टी बाजूला काढतो. तुमचं प्रमाण मोजणीतून आलं असेल, म्हणजे 20 पैकी 18 कामं पूर्ण अशा प्रकारचं, तर यातलं काहीच नको. सरळ बायनॉमियल लॉजिस्टिक वापरा. आणि मंजुरीपेक्षा जास्त खर्च होऊ शकत असेल तर आकडा एकच्या वर जाईल, तेव्हाही बीटा लागू नाही.

आता मुद्द्याची अडचण. विभागांचे दोन गट घ्या: लहान आणि मोठे. दोन्ही गट सरासरी बरोबर 90 टक्के रक्कम खर्च करतात. फरक इतकाच की लहान विभागांचे आकडे विखुरलेले आहेत, कारण तिथे एखादी खरेदी अडली तरी टक्केवारी हलते. मोठ्या विभागांचे आकडे 90 च्या आसपास दाटीने बसतात. बीटा वितरणात हा दाटपणा φ या आकड्याने सांगतात, आणि सरासरी μ असेल तर विचरण μ(1−μ)/(1+φ) इतकं येतं. लहान गटाला φ = 10 आणि मोठ्या गटाला φ = 40 दिला, तर प्रमाण विचलन अनुक्रमे सुमारे 9 आणि 4.7 टक्के-बिंदू येतं. प्रत्यक्षातल्या अंदाजपत्रकांत असा फरक दिसणं अजिबात नवलाचं नाही.

```r
set.seed(1)
gat <- factor(rep(c("lahan", "motha"), each = 200))
phi <- ifelse(gat == "lahan", 10, 40)
y   <- rbeta(400, 0.9 * phi, 0.1 * phi)
```

लॉजिट करून `lm(qlogis(y) ~ gat)` चालवलं तर काय होतं ते कागदावरच काढता येतं. लहान गटाच्या लॉजिटची सरासरी 2.72 येते, मोठ्या गटाची 2.31. उलट फिरवून पुन्हा प्रमाणात आणलं की 93.8 टक्के आणि 91.0 टक्के. म्हणजे दोन्ही गट 90 वर असताना दोन्ही आकडे वर सरकले, आणि वर सरकताना सारखे सरकले नाहीत. मधला 2.8 टक्के-बिंदूंचा फरक कुठेही अस्तित्वात नाही. प्रत्येक गटात 200 विभाग असतील तर हा नसलेला फरक त्याच्या प्रमाणित चुकीच्या जवळजवळ चौपट दिसतो, म्हणजे तक्त्यात त्याच्यापुढे तीन चांदण्या उमटतील. लहान विभाग जास्त खर्च करतात, असा निष्कर्ष कोणीतरी त्यावरून लिहून मोकळा होईल.

कारण लॉजिटच्या वळणात आहे. 0.90 चं लॉजिट 2.20. तिथून 9 बिंदू वर, 0.99 ला गेलात तर लॉजिट 4.60 होतं, 9 बिंदू खाली, 0.81 ला आलात तर 1.45. वरची उडी 2.4 ची, खालची 0.75 ची. त्यामुळे आकडे जितके विखुरलेले, तितकी लॉजिटची सरासरी वर ओढली जाते. सरासरी 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर दोन्ही बाजू सारख्या पडतात आणि ही ओढ जवळजवळ नाहीशी होते. पण खर्चाचं प्रमाण सहसा वरच्या टोकाशी असतं, आणि नेमकं तिथेच हे वळण तीव्र आहे.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, मग बीटा रिग्रेशन वापरू. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे `betareg(y ~ gat)` लिहून, तेच उदाहरण चालवलं तर गट मोठे असताना अंदाज येतात सुमारे 91.4 आणि 88.6. खोटा फरक जिथल्या तिथे! फक्त तो आता 90 च्या दोन बाजूंना वाटला गेला. माझ्या दृष्टीने हीच खटकणारी बाब निवड ठरवते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

या सूत्रात φ सगळ्यांना एकच धरला जातो. बीटाची लाइकलीहूड आकड्याकडे log(y) आणि log(1−y) यांच्यामार्फतच पाहते, त्यामुळे सरासरीचे गुणांक ठरवताना तीही लॉजिटचीच सरासरी जुळवत असते. φ खरा असेल तर लॉजिटच्या सरासरीवरून μ कडे अचूक परत येता येतं. φ चुकीचा असेल तर परतीची वाट चुकते. इथे दोन्ही गटांसाठी मिळून φ सुमारे 16 येतो. लहान गटासाठी तो फार मोठा, मोठ्या गटासाठी फार लहान. म्हणून एकाची सरासरी वर जाते, दुसऱ्याची खाली. साध्या रिग्रेशनमध्ये विचरण चुकलं तरी गुणांक शाबूत राहतो आणि फक्त प्रमाणित चूक बिघडते, ही सवय इथे उपयोगाची नाही. इथे विचरण चुकलं की सरासरीच चुकते.

उपाय एका उभ्या रेघेचा आहे.

```r
library(betareg)
m1 <- betareg(y ~ gat)
m2 <- betareg(y ~ gat | gat)
lmtest::lrtest(m1, m2)
```

रेघेच्या उजवीकडे φ चं सूत्र येतं. ते दिलं की φ साठी लॉगची जोडणी आपोआप वापरली जाते, म्हणून तिथले गुणांक log φ चे असतात; 10 आणि 40 मधला फरक तिथे log 4, म्हणजे सुमारे 1.39 असा दिसेल. दोन्ही गटांच्या सरासऱ्या आता 90 च्या आसपास परत येतात. गटांऐवजी रक्कमच हाताशी असेल तर उजवीकडे `log(rakkam)` लिहिणं मला जास्त बरं वाटतं. समजा त्याचा गुणांक 0.5 आला, तर रक्कम चौपट झाली की φ दुप्पट, इतकं सोपं वाचन होतं.

फ्रॅक्शनल लॉजिटला मात्र या सगळ्या भानगडीतून जावंच लागत नाही. `glm(y ~ gat, family = quasibinomial)` प्रत्येक गटाची साधी सरासरीच परत देतं, 90 आणि 90, आकडे कसेही विखुरलेले असोत. सरासरीचं सूत्र बरोबर असेल तर वितरणाबद्दल त्याला काही माहीत असण्याची गरज नाही. प्रमाणित चुका `sandwich` मधल्या `vcovHC` ने घ्या, कारण विखुरणं दोन्ही गटांत वेगळं आहे. एखाद्याला फक्त सरासरीवरचा परिणाम हवा असेल आणि पुढचा प्रश्नच नसेल, तर त्याने इथेच थांबलं तरी माझी हरकत नाही.

| मार्ग | लहान | मोठे |
|---|---|---|
| लॉजिट आणि `lm` | 93.8 | 91.0 |
| बीटा, एकच φ | 91.4 | 88.6 |
| फ्रॅक्शनल लॉजिट | 90 | 90 |
| बीटा, φ ला स्वतंत्र सूत्र | 90 | 90 |

तरी पारडं बीटाकडे झुकतं ते पुढच्या प्रश्नामुळे, आणि अंदाजपत्रकाच्या कामात तो प्रश्न हमखास येतो: किती विभाग 80 टक्क्यांच्या खाली राहतील? फ्रॅक्शनल लॉजिटकडे याचं उत्तर नाही, कारण त्याने सरासरीपलीकडे काही मांडलेलंच नसतं. बीटामध्ये `pbeta(0.8, mu*phi, (1-mu)*phi)` एवढं पुरतं. आपल्या उदाहरणात लहान गटासाठी ते 13.4 टक्के येतं आणि मोठ्या गटासाठी 3.3 टक्के. सरासरी तीच, पण मागे राहण्याचा धोका चौपट. ज्याला निधी कुठे अडकतो हे पाहायचं आहे, त्याच्या कामाचा आकडा हाच.

म्हणून फ्रॅक्शनल लॉजिट मी पडताळणीसाठी शेजारी ठेवतो. बीटाचे `fitted(m2)` गटवार सरासरीत आणा आणि मूळ आकड्यांच्या गटवार सरासरीशी ताडून पाहा. एखाद्या गटात एका टक्के-बिंदूहून जास्त अंतर पडलं, तर बहुधा φ च्या सूत्रात काहीतरी राहिलं आहे, किंवा त्या गटाचा आकारच बीटात बसत नाही. काही विभाग 98 वर आणि काही 60 वर असे दोन उंचवटे असले की असं होतं. सूत्र सुधारूनही अंतर मिटलं नाही तर सरासरीबाबत फ्रॅक्शनल लॉजिटचं ऐकावं.

दुसरी दुखरी जागा एकच्या अगदी जवळची. 0.999 आणि 0.9999 यांत खर्चाच्या दृष्टीने काहीच फरक नाही, पण log(1−y) मध्ये तो 2.3 चा आहे आणि बीटाला तो जाणवतो. वर्षअखेरीला खर्च उरकलेले विभाग नेमके तिथे गोळा होतात. सगळ्यात वरचे काही आकडे 0.99 वर आणून मॉडेल पुन्हा चालवा. महत्त्वाचा गुणांक त्याच्या प्रमाणित चुकीच्या निम्म्याहून जास्त हलला, तर निष्कर्ष त्या मूठभर विभागांवर उभा आहे असं समजायला हरकत नाही.

आणि नेमके 1 असलेले आकडे असतील तर साधं बीटा मॉडेल चालतच नाही. तेव्हा बरेचजण (y(n−1)+0.5)/n हे सूत्र लावून आकडे आत ढकलतात. त्यात n म्हणजे नमुन्याचा आकार. 50 विभाग असतील तर 1 चा 0.99 होतो आणि लॉजिट 4.6, 5000 असतील तर 0.9999 आणि लॉजिट 9.2. तोच पूर्ण खर्च केलेला विभाग, पण शेजारी किती आहेत यावर त्याचं वजन बदलतं. असे दोन-चार आकडे असतील तर वरची पडताळणी करून हे सूत्र चालवून घेता येतं. दहातले एक-दोन विभाग पूर्ण खर्च करणारे असतील, तर पूर्ण खर्च होतो की नाही याचं वेगळं लॉजिस्टिक मॉडेल करावं, आणि उरलेल्यांवर `y ~ gat | gat` चालवावं.